आडनाव नसलेल्या मुलीचं प्रतिज्ञापत्र: नाव बदललेलं नाही, रकाना भरला आहे

प्रश्न: आमचं लग्न आंतरजातीय. मुलीला ठरवूनच आडनाव लावलं नाही. जन्मदाखला, आधार, पासपोर्ट सगळीकडे एकच शब्द, 'मुक्ता' समजा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर मात्र पुढे माझं नाव छापलंय. ती आता १९ वर्षांची आहे, अमेरिकेत शिकायला जायचंय. विद्यापीठाच्या अर्जात FNU असं काहीतरी घालावं लागलं, बँकेच्या कर्जाच्या अर्जात नाव दोनदा लिहावं लागलं. बँक म्हणते प्रतिज्ञापत्र आणा. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं 'नावात बदल'चा नमुना भरून दिलाय, जुनं नाव मुक्ता, नवीन नाव मुक्ता अविनाश. हे चालेल का? मुलगी परीक्षेत आहे, तर बाप म्हणून मीच सही केली तर?

उत्तर: टायपिस्टनं दिलेला कागद बँकेत देऊ नका. नोटरी झाली नसेल तर तो बाजूला ठेवा. झाली असेल, तर त्याचं काय करायचं ते शेवटाकडे सांगतो. आणि सही मुलीचीच लागेल, तुमची नाही.

मी बावीस वर्षं वकिली करतो आहे, त्यातली बरीच नोटरी म्हणून. नावाच्या भानगडी घेऊन येणारे बहुतेक लोक समजतात की प्रतिज्ञापत्रानं आपल्या नावातला दोष दुरुस्त होणार आहे. तुमच्या मुलीच्या नावात दोषच नाही. जन्मनोंदणीत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव असे वेगळे रकाने असतात आणि मुलाच्या नावाच्या रकान्यात एक शब्द असला तरी नोंद पूर्ण असते. पासपोर्टमध्येही Given Name भरलेलं आणि Surname रिकामं असं चालतं. तेव्हा अडचण नावाची नाही, तर एकाच नावाच्या तीन वेगवेगळ्या दिसणाऱ्या नोंदी तयार झाल्या आहेत, ही आहे. पासपोर्टवर MUKTA, बँकेत MUKTA MUKTA, विद्यापीठात FNU MUKTA, आणि चौथी धरायची तर गुणपत्रिकेवर 'मुक्ता अविनाश'. बँकेच्या अधिकाऱ्याला उद्या तपासणीत कुणी विचारलं की कर्ज नक्की कोणाला दिलं, तर दाखवायला एक कागद हवा आहे. त्याची मागणी एवढीच आहे.

म्हणून प्रतिज्ञापत्राचं काम दोनच वाक्यांचं आहे: माझं पूर्ण नाव एका शब्दाचं आहे, आणि या सगळ्या नोंदी माझ्याच आहेत. 'नावात बदल'चा नमुना याच्या बरोबर उलटं काम करतो. त्यात मुलगी शपथेवर म्हणते की माझं नाव पूर्वी अमुक होतं, आजपासून तमुक आहे. एकदा असं म्हटलं की पुढचा प्रत्येक माणूस विचारणार, मग राजपत्र कुठे आहे? पासपोर्ट का बदलला नाही? आधार जुन्या नावाचं का? जे घडलंच नाही त्याचे पुरावे गोळा करत तुम्ही सहा महिने फिराल. माझ्याकडे असे लोक येतात तेव्हा मूळ अडचण क्षुल्लक असते, आणि ती सोडवायला केलेल्या कागदानं झालेली अडचण मोठी असते.

मसुद्याकडे जाण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. प्रत्येक 'दोन रकाने भरा' म्हणणाऱ्या अर्जाला प्रतिज्ञापत्र लागतंच असं नाही. बऱ्याच ठिकाणी एकच नाव असणाऱ्यांसाठी सूचना लिहिलेली असते, फक्त ती कोणी वाचत नाही. पॅनचंच घ्या. इतकी वर्षं चालत आलेल्या फॉर्म ४९ए च्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की एकच नाव असेल तर ते आडनावाच्या रकान्यात लिहा आणि पहिलं व मधलं नाव रिकामं सोडा. आपल्याला उलटं वाटतं, नाव 'पहिल्या नावात' जायला हवं असं मन म्हणतं, आणि तिथेच चूक होते. आधारमध्ये तर नावाची एकच ओळ आहे, फोड करायचा प्रश्नच नाही. अमेरिकेच्या व्हिसाच्या DS-160 अर्जातही पद्धत ठरलेली आहे: असलेलं एक नाव Surnames मध्ये आणि Given Names मध्ये FNU. त्याचा अर्थ 'पहिलं नाव माहीत नाही' असा होतो. ऐकायला विचित्र आहे, स्वतःच्या मुलीबद्दल बापानं असं लिहायचं म्हणजे! पण ती त्यांची ठरलेली खूण आहे, आणि जिथे अशी खूण ठरवून दिली आहे तिथे तीच वापरायची. जिथे सूचना आहे तिथे सूचना पाळली हाच तुमचा पुरावा. त्या पानाचा छापील उतारा फाइलला जोडून ठेवा.

सूचनाच नसेल आणि संगणक रिकामा रकाना पुढे जाऊ देत नसेल, तर माझा सल्ला, नाव दोनदा लिहा. तुमच्या बँकेच्या अर्जात तेच झालं आहे आणि ते बरं झालं. MUKTA MUKTA बघणाऱ्या कोणालाही कळतं की हे रकाना भरण्यासाठी केलेलं आहे. टिंब किंवा आडवी रेघ टाकण्याची युक्ती लोक करतात, पण काही संगणक ते चिन्ह गिळतात, काही अर्ज परत पाठवतात, आणि मग कुठे टिंब आहे कुठे नाही अशी आणखी एक तफावत उभी राहते. वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात घालणं मला सगळ्यात कमी पसंत आहे. ते इतकं खऱ्यासारखं दिसतं की दोन वर्षांनी तेच तिचं आडनाव होऊन बसतं. बँकेत 'अविनाश', नोकरीत 'अविनाश', पासपोर्टवर काहीच नाही, आणि तेव्हा ते नाकारायला जास्त कागद लागतात.

आता मसुदा. मी शीर्षकापासून सुरू करतो, कारण टेबलामागचा माणूस अनेकदा तेवढंच वाचतो. 'नावाबाबत प्रतिज्ञापत्र' एवढं मोघम नको आणि 'नावातील बदल' तर नकोच. मी असं लिहितो:

> एकच नाव असल्याबाबत आणि निरनिराळ्या नोंदी एकाच व्यक्तीच्या असल्याबाबत प्रतिज्ञापत्र

त्याखालची ओळख ही मराठी कागदांतली जुनी खोड आहे. आपण सवयीनं 'मी, मुक्ता अविनाश, वय १९' असं लिहून मोकळे होतो, कारण आपल्याकडे नावापुढे वडिलांचं नाव यायचंच. पण ज्या प्रतिज्ञापत्रात माझं नाव एकाच शब्दाचं आहे असं सांगायचं आहे, त्याच्याच पहिल्या ओळीत दोन शब्दांचं नाव आलं तर कागद स्वतःलाच खोटं पाडतो. असे कागद मी स्वतः पाहिले आहेत. म्हणून वडिलांचं नाव ओळख म्हणून वेगळं, 'वडिलांचे नाव' असं लेबल लावूनच लिहायचं:

> मी, मुक्ता (संपूर्ण नाव एवढेच), वय १९ वर्षे, व्यवसाय शिक्षण, वडिलांचे नाव अविनाश ……, आईचे नाव ……, राहणार ……, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की,
>
> १. माझे संपूर्ण नाव 'मुक्ता' (इंग्रजी लिपीत MUKTA) असे एकाच शब्दाचे आहे. मला आडनाव नाही आणि मी कोणतेही आडनाव धारण केलेले नाही.

या पहिल्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य लिहिण्याआधी घरी नीट चौकशी करा. एका प्रकरणात मी 'आजवर कधीही कोणतेही आडनाव वापरलेले नाही' असं ठणकावून लिहिलं होतं. मुलीनं सही केली आणि नंतर कळलं की बालवाडीत आजोबांनी नाव घातलं तेव्हा त्यांचं आडनाव लावलं होतं, पहिलीपर्यंत तेच चाललं आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला ते अजून आहे. कोणी खोटं बोललं नव्हतं, पण शपथेवरचं वाक्य खोटं होतं. अशी एखादी नोंद असेल तर लपवू नका, तिचाही उल्लेख करा: 'इयत्ता पहिलीपर्यंत शाळेच्या नोंदीत अमुक आडनाव होते, ते पुढे वापरात नाही.' 'कधीही', 'कोठेही', 'कोणत्याही' हे शब्द शक्यतो टाळलेले बरे.

दुसरा परिच्छेद हा या प्रतिज्ञापत्राचा कणा. यात प्रत्येक कागदावर नाव *जसं छापलं आहे तसं* उतरवायचं. त्यात सुधारणा करायची नाही, अक्षर लहान-मोठंही करायचं नाही. मी छोटा तक्ता करतो:

> २. माझ्या कागदपत्रांत माझे नाव पुढीलप्रमाणे नोंदलेले आहे:
>
> | कागद व क्रमांक | छापलेले नाव |
> |---|---|
> | जन्म प्रमाणपत्र, नोंदणी क्र. …… दि. …… | मुक्ता |
> | पासपोर्ट क्र. …… | Given Name: MUKTA, Surname: रिकामे |
> | दहावी व बारावीची गुणपत्रिका, बैठक क्र. …… | Mukta Avinash |
> | …… बँक, कर्ज अर्ज क्र. …… | MUKTA MUKTA |
> | …… विद्यापीठ, अर्ज क्र. …… | First Name: FNU, Last Name: MUKTA |

कागदाचा क्रमांक आणि तारीख सोडू नका. 'माझ्या शैक्षणिक कागदपत्रांत' असं मोघम लिहिलं की बँकेचा माणूस विचारतो, कोणत्या? तक्ता प्रत्यक्ष कागद समोर ठेवूनच भरा, आठवणीतून नाही. तुम्ही मला 'गुणपत्रिकेवर माझं नाव छापलंय' असं सांगितलंत, पण ते Avinash आहे की Avinaash, हे बघितल्याशिवाय मी टाइप करणार नाही. तफावत मिटवायला केलेल्या कागदातच नवी तफावत शिरली तर तो कागद फुकट जातो. आधारचा क्रमांक मात्र मी पूर्ण लिहीत नाही, शेवटचे चार आकडे पुरतात. या कागदाच्या प्रती किती हातांतून जातील सांगता येत नाही.

तिसरा परिच्छेद कारणांचा. हा बहुतेक नमुन्यांत नसतोच, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काम हाच करतो. नोंदी वेगळ्या *का* दिसतात हे एकदा कळलं की वाचणाऱ्याचा संशय मावळतो.

> ३. वरीलपैकी दहावी व बारावीच्या गुणपत्रिकेत माझ्या नावापुढे छापलेले 'Avinash' हे माझ्या वडिलांचे नाव असून ते माझे आडनाव नाही. बँकेच्या संगणकीय अर्जात पहिले नाव व आडनाव हे दोन्ही रकाने भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नसल्याने दोन्ही रकान्यांत माझे एकच नाव भरले आहे. विद्यापीठाच्या अर्जातील 'FNU' ही अक्षरे पहिल्या नावाचा रकाना भरण्यासाठी वापरलेली खूण असून ती माझ्या नावाचा भाग नाहीत.
>
> ४. परिच्छेद २ मधील सर्व नोंदी एकाच व्यक्तीच्या, म्हणजे माझ्याच आहेत.

इथे 'उर्फ' येऊ देऊ नका. 'मुक्ता उर्फ मुक्ता अविनाश उर्फ मुक्ता मुक्ता' असं लिहायचा टायपिस्टांना मोह होतो, कारण एका ओळीत काम भागतं. पण उर्फ म्हणजे ही सगळी माझी नावं आहेत, मी सगळ्या नावांनी ओळखली जाते. तुमच्या मुलीचं म्हणणं नेमकं याच्या विरुद्ध आहे: नाव एकच, बाकी छपाईचे प्रकार. शिवाय पुढे कुठल्याही अर्जात 'आपण इतर कोणतं नाव वापरता का' असा प्रश्न आला (व्हिसाच्या अर्जात तो येतोच), तर या उर्फमुळे तिला 'होय' म्हणावं लागेल आणि प्रत्येकाचा खुलासा द्यावा लागेल.

पाचवा परिच्छेद पुढच्या काळासाठीचं कुंपण आहे:

> ५. या प्रतिज्ञापत्राद्वारे मी माझ्या नावात कोणताही बदल केलेला नाही आणि कोणतेही नवीन नाव अथवा आडनाव स्वीकारलेले नाही. केवळ रकाना भरण्यासाठी केलेली नोंद माझे आडनाव म्हणून समजण्यात येऊ नये.
>
> ६. हे प्रतिज्ञापत्र …… बँकेकडील शैक्षणिक कर्जाच्या कामी माझ्या ओळखीच्या पुराव्यासाठी करीत आहे.

सहाव्यात काम नेमकं लिहायचं की 'जेथे आवश्यक असेल तेथे' असं मोकळं सोडायचं, यावर वकिलांत दोन मतं आहेत. मोकळ्या कागदाचा पुन्हा पुन्हा वापर होतो हे खरं. मी मात्र नेमकं लिहितो. बँकेला आपल्या नावाचा कागद मिळाला की ती पुढचं काही विचारत नाही, आणि तक्त्यात बँकेचा अर्ज क्रमांक असताना तोच कागद वीज मंडळात नेऊन दाखवण्यात काही अर्थ नसतो. तुमच्याकडे विद्यापीठानंही मागितलं तर तक्ता तोच ठेवून सहावा परिच्छेद बदला आणि दुसरा कागद करा.

आता सही कोणाची, या तुमच्या प्रश्नाकडे. मुलगी अठरा वर्षांखाली असती तर पालक म्हणून तुम्हीच प्रतिज्ञापत्र केलं असतं. ती सज्ञान आहे. 'बँकेतला अर्ज मी भरला, या सगळ्या नोंदी माझ्या आहेत' हे तिलाच शपथेवर म्हणता येतं. परीक्षा असली तरी अर्ध्या तासाचं काम आहे, आणि नोटरीसमोर तिला स्वतः हजर राहावंच लागतं. 'ती आत्ता आली नाही, सही करून आणली आहे' असं सांगून शिक्का मारून देणारे सापडतात. अशा कागदाच्या नोंदीपुढे नोटरीच्या नोंदवहीत तिची सही नसते, आणि वाद झाला तर पहिल्यांदा तीच वही उघडली जाते.

पण इथे एक बारकावा आहे. जन्मतः तिला कोणतं नाव ठेवलं गेलं, हे तिला स्वतःला कसं माहीत असणार? तिला ते तुमच्याकडूनच कळलं. प्रतिज्ञापत्रात माणसानं स्वतःच्या माहितीतलं काय आणि दुसऱ्याकडून कळलेलं काय हे वेगळं सांगायचं असतं. आपल्या नमुन्यांत शेवटी 'वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे' असं सरसकट ठोकलेलं असतं. मी सत्यापन असं करतो:

> परिच्छेद १, ३, ४, ५ व ६ मधील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आहे. परिच्छेद २ मधील मजकूर मूळ कागदपत्रे पाहून लिहिला आहे.

पहिल्या परिच्छेदात मी 'जन्मापासून' हा शब्द मुद्दाम टाळला होता, तो यासाठी. जन्माच्या वेळचं जे सांगायचं ते जन्मदाखला सांगतो आणि तो तक्त्यात आहेच. बँकेनं तरीही 'मुळातच आडनाव दिलं नव्हतं का' असं खोदून विचारलं, तर तिथे तुमचं स्वतंत्र छोटं प्रतिज्ञापत्र उपयोगी पडतं. त्यात तुम्ही आणि तुमच्या पत्नीनं एवढंच लिहायचं की अमुक तारखेला जन्मलेल्या आमच्या मुलीचं नाव जन्मनोंदणीत फक्त 'मुक्ता' असं आम्ही ठरवून नोंदवलं आणि आडनाव दिलं नाही. आंतरजातीय लग्न, जात, विचार, हे कारण लिहायची गरज नाही. कोणी विचारायचंही कारण नाही. मागितल्याशिवाय हा दुसरा कागद देऊ नका. जितके कागद तितके प्रश्न.

खर्चाचं थोडक्यात. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनानं २००४ सालीच माफ केलेलं आहे, ती साध्या कागदावर होतात. बँकेसाठीचा कागद त्यात बसत नाही, त्याला मुद्रांक लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो शंभरावरून पाचशे रुपये झाला, त्यामुळे कपाटात पडलेला जुना शंभराचा कागद घेऊन जाऊ नका. मुद्रांक घेताना विक्रेता नाव विचारतो, तिथेही आडनावाची जागा असतेच. 'मुक्ता' एवढंच लिहायला सांगा. सवयीनं तो तुमचं आडनाव जोडेल, आणि मग आडनाव नसल्याच्या प्रतिज्ञापत्राच्या पाठीवर आडनाव! हसू नका, झालेलं आहे. आम्ही तो कागद फेकून नवा घेतला.

या कागदाच्या मर्यादाही सांगतो, म्हणजे नंतर चिडचिड व्हायला नको. प्रतिज्ञापत्र हे माणसापुढे चालतं, संगणकापुढे नाही. बँकेतल्या अधिकाऱ्यानं फाइल उघडली, वाचलं, पटलं, तर काम झालं. पण एखाद्या यंत्रणेनं नियमच केला असेल की एकच नाव असलेला पासपोर्ट आम्ही घेणार नाही, तर तिथे शपथ कामाची नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं नेमकं हेच केलं. पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसावर जाणाऱ्यांच्या पासपोर्टवर एकच नाव असेल तर प्रवेश नाही, असं विमान कंपन्यांनी प्रवाशांना कळवलं. नंतर खुलासा आला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल. त्या दिवसांत माझ्याकडे दोघंजण प्रतिज्ञापत्र करायला आले होते. मी दोघांनाही परत पाठवलं, कारण विमानतळावर ते कोणी वाचणार नव्हतं. पासपोर्टवर काय आहे एवढंच बघणार होते. मुक्ताचं अमेरिकेचं विमान आखातात थांबणार असेल, तर तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला एकच नाव कसं लिहायचं ते लेखी विचारा. कोणी नाव दोनदा लिहायला सांगतं, कोणी FNU, आणि ते उत्तर प्रवासात सोबत ठेवायचं.

अमेरिकेत पोचल्यावरही FNU पाठ सोडत नाही. तिथे ओळखपत्रांवर ती अक्षरं पहिलं नाव असल्यासारखी छापली जातात, आणि कार्यालयात तिला 'फनू' म्हणून हाक मारणारे भेटतील. म्हणून व्हिसा हातात आला की त्यावर नाव नेमकं कसं छापलं आहे ते बघा आणि त्याच्याशी जुळेल असंच विद्यापीठात पुढे चालवा. प्रतिज्ञापत्र व्हिसाच्या आधी होत असल्यानं त्याची नोंद तक्त्यात नसेल, तेव्हा तिसऱ्या परिच्छेदातलं FNU बद्दलचं वाक्य काढू नका. तेच पुढे कामाला येईल. आणि एक प्रत इंग्रजीत करून घ्या. परिच्छेदांचे क्रमांक तेच ठेवा, म्हणजे दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणालाही ताडता येतील.

आता तो टायपिस्टचा कागद. त्यावर नोटरी झालेली नसेल तर प्रश्न मिटला, आडवी रेघ मारून 'रद्द' लिहा. नोटरी झाली असेल पण कोणाला दिला नसेल, तर घरी ठेवा, फाडू नका. नोटरीच्या वहीत त्याची नोंद आहे, आणि कधी विषय निघालाच तर तो वापरलेला नाही हे मूळ प्रत हातात असली की दाखवता येतं. बँकेत दिला असेल, तर मात्र गप्प बसून चालणार नाही. एकाच मुलीची दोन शपथपत्रं, एकात नाव बदललं म्हणते, दुसऱ्यात बदललं नाही म्हणते, असं फाइलमध्ये पडून राहणं वाईट. शपथेवर जाणूनबुजून खोटं सांगणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. चुकून झालेल्या चुकीला तो लागत नाही, पण चूक आपणहून सांगितली तरच ती चूक ठरते. तेव्हा नव्या प्रतिज्ञापत्रात पाचव्या परिच्छेदाच्या आधी एक परिच्छेद वाढवा:

> दि. …… रोजी नोटरी नोंदणी क्र. …… अन्वये केलेले माझे प्रतिज्ञापत्र चुकीच्या नमुन्यात तयार झाले होते. त्यात नमूद केलेला नावातील बदल प्रत्यक्षात झालेला नाही. ते प्रतिज्ञापत्र मी वापरात आणू इच्छित नाही. त्याऐवजी प्रस्तुत प्रतिज्ञापत्र विचारात घ्यावे.

हा परिच्छेद वाढला की पुढचे क्रमांक सरकतात, सत्यापनातलेही सरकवा.

उद्या मुक्तालाच वाटलं की आडनाव असावं, तुमचं, आईचं किंवा आणखी कुठलं, तर तो वेगळा रस्ता आहे: नावबदलाचा अर्ज, महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्धी, मग आधार, पॅन, पासपोर्ट एकामागून एक. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, एवढं लक्षात ठेवून तिनं तो निर्णय घ्यावा. व्हिसा आणि कर्ज दोन्ही चालू असताना मात्र त्यात पडू नये. अर्धे कागद एका नावानं आणि अर्धे दुसऱ्या नावानं अशी अवस्था आजच्यापेक्षा वाईट असेल.

नोटरीकडे जाताना तक्त्यातले सगळे मूळ कागद, झेरॉक्सचा एक संच आणि दोन फोटो न्या. तीन मूळ प्रती करून घ्या: एक बँकेला, एक मुक्ताच्या सामानात, एक तुमच्याकडे. प्रत्येक पानावर तिची सही लागेल, आणि ती पासपोर्टवर जशी आहे तशीच हवी. पासपोर्टवर तिनं नुसतं 'मुक्ता' असं लिहून सही केली असेल, तर इथेही तेवढीच. शेवटी हाताच्या ओघात 'अ' काढू नको म्हणून आधीच सांगून ठेवा.